चौघांनी मिळून लिहिलेला काकडीचा धडा

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात मोडत असे, आणि मी नंदुरबारपासून बैलगाडीच्या वाटेवरच्या एका गावी लोकल बोर्डाच्या शाळेत शिकवत असे. पुण्याला ट्रेनिंग झालेली, परकर-पोलक्यातल्या चार पोरींसाठी म्हणून नेमलेली आणि मग साठ पोरं गळ्यात पडलेली बाई. माझी जीभ तिखट होती. अजून आहे. गावातल्या बायका म्हणत, "बाई चांगली शे, पन बोलनं मिरचीनं." मला त्याचं वाईट वाटत नसे. साठ पोरांपुढे साखर पेरून काय होणार होतं?

शाळेत आम्ही चार जण. हेडमास्तरांकडे चौथी. एका तरुण मास्तरांकडे पहिली-दुसरी. नुकतंच मिसरूड फुटलेलं, आणि त्याला ते दिवसातून दहा वेळा हात लावून बघत. तिसरीत पोरं फार, म्हणून तिच्या दोन तुकड्या केलेल्या. अ तुकडी आतल्या खोलीत थोरल्या मास्तरांकडे, ब तुकडी ओसरीवर माझ्याकडे. पाऊस आला की माझी तुकडी भिजायची आणि थोरल्या मास्तरांची कोरडी राहायची. वयाचा मान, दुसरं काय.

थोरले मास्तर मोठे नमुनेदार. इथलेच, अहिराणी बोलणारे. वर्गात मात्र पुस्तकातली मराठी बोलत आणि घंटा झाली की लगेच घरच्या बोलीवर येत. गुडघे गेलेले, पेन्शनीला दोनेक वर्षं उरलेली. छडी त्यांच्या हातात अशी असे की तिच्यावाचून त्यांना उभं राहता येईल का, याची मला शंका होती. पण त्यांचं खरं दुःख घरी होतं. त्यांच्या बायकोला डोळ्यांनी दिसत नव्हतं. ती या गावात लग्न होऊन आली तेव्हा दिसत असे. पुढे दृष्टी जात गेली, पण गाव पायांत बसलेलं. घरापासून आडापर्यंत, आडापासून देवळापर्यंत ती एकटी जायची, डोक्यावर हंडा घेऊन, कुणाचा हात न धरता.

आणि नेमकी या माणसाची तोरणमाळला बदली व्हायची वेळ आली.

झालं असं की, आमचे दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासायला येणारे अधिकारी, पावसाळ्याआधी येऊन गेले. त्यांनी तिसरी अ ला विचारलं, "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" पोरं एका सुरात म्हणाली, "चतुर्थांश!" साहेबांनी पुन्हा विचारलं. पोरं आणखी जोरात म्हणाली, "चतुर्थांश!" तिनापेक्षा चार मोठा, हे तर पाळण्यातल्या पोरालाही कळतं. साहेबांनी थोरल्या मास्तरांकडे पाहून सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीआधी मी परत येईन, तिसरीचे अपूर्णांक तेव्हाही असेच असतील तर तोरणमाळला एक जागा रिकामी आहे. तोरणमाळ म्हणजे सातपुड्याच्या माथ्यावर. वर जायची वाट अशी उभी की धडधाकट माणूसही अर्ध्यावर बसून देवाचं नाव घेतो. थोरल्या मास्तरांचे ते गुडघे, आणि ती न दिसणारी बाई दरीच्या काठावर.

माझ्या ब तुकडीला साहेबांनी काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनीही तेच उत्तर दिलं असतं.

आता आमचे हेडमास्तर. सज्जन माणूस, पण छापलेल्या कागदावर फार विश्वास. धुळ्याला शिक्षकांची सभा झाली, तिथे त्यांना कुणीतरी मासिक दिलं. त्यात होतं म्हणे की जपानात मास्तर लोक एकत्र बसून एकच धडा लिहितात. मग एकजण तो शिकवतो, बाकीचे बघतात. मग सगळे मिळून तो दुरुस्त करतात आणि दुसरा कुणी तो दुसऱ्या वर्गावर शिकवतो.

"टीकापाठच तो," मी म्हटलं. "ट्रेनिंग कॉलेजात केलेत आम्ही. एकीनं शिकवायचं आणि दहा जणींनी तिची साल काढायची."

"नाही हो बाई," हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "टीकापाठात शिकवणाऱ्याकडे बघतात. इथे पोरांकडे बघायचं! धडा कुणा एकाचा नाहीच. आणि आपल्याकडे तिसरीच्या तुकड्या दोन. आधी बाई ब ला शिकवतील, मग धडा सुधारून थोरले मास्तर अ ला शिकवतील, साहेबांसमोर!"

थोरले मास्तर म्हणाले, "साहेबनासमोर मी एकला मरसू, ते तुम्ही बठा मिळीसन मारी ऱ्हायनात." म्हणजे एकटा मेलो असतो, आता तुम्ही सगळे मिळून मारताय. पण 'नाही' म्हणाले नाहीत. बुडत्याला काडीचा आधार, तसा त्यांना जपानचा आधार वाटला असावा.

मग रोज शाळा सुटल्यावर आम्ही चौघं आतल्या खोलीत बसू लागलो. काय भांडणं झाली म्हणून सांगू! एका तासाचा धडा, पण त्याचा पहिला प्रश्न काय असावा यावर दोन संध्याकाळी गेल्या. हेडमास्तरांना प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन अशी पंचपदी हवी होती. तरुण मास्तरांना रंगीत कागदाचे गोल हवे होते. ते त्यासाठी नंदुरबारला एका मारवाड्याच्या दुकानात जाऊन पतंगाचा कागद घेऊन आले आणि येताना वाऱ्यात त्यातला निम्मा कोरीट गावाच्या रस्त्यावर उडून गेला. मी म्हटलं, कागद कशाला? पोराला भाकरी कळते. भाकरीचे तीन भाग करा, चार भाग करा, डोळ्यांनी दिसेल.

"वा!" तिघंही म्हणाले. "मग भाकरी बाई करतील."

हो, करतील! धडा चौघांचा आणि भाकरी एकटीची. मी दोन शब्द सुनावले, आणि मग केल्याच भाकरी.

हेडमास्तरांनी कागदावर तीन रकाने आखले होते. पहिल्यात आपण काय विचारायचं. दुसऱ्यात पोरं काय म्हणतील. तिसऱ्यात त्यावर आपण काय करायचं. पहिला रकाना आमचा झरझर भरला. दुसऱ्यात हेडमास्तरांनी सगळीकडे लिहिलं, 'मुले बरोबर उत्तर देतील.'

थोरले मास्तर हसले. "कोनती पोरे? धुयानी का?" धुयं म्हणजे धुळं.

"म्हणजे?"

"आपली पोरे म्हनतीन, चारना भाग मोठा. तीस वरीस झायात, तेच म्हनी ऱ्हायनात."

"असं? मग त्यावर तुम्ही काय करता?" हेडमास्तरांनी तिसऱ्या रकान्यावर टाक ठेवून उत्सुकतेनं विचारलं.

"मी? मी छडी मारस."

टाक तसाच राहिला. तरुण मास्तरांनी मिसरुडाला हात लावला. मग मी म्हटलं, "पण ती असं का म्हणतात?" थोरल्या मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलंय पाणी ओलं का असतं. शेवटी आम्ही लिहिलं: 'मुले चार मोठा म्हणतील. कारण चार हा आकडा मोठा.' आणि त्यावर उपाय म्हणून भाकरी दाखवायची. आपण फार हुशार झालो असं चौघांनाही वाटलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर माझ्या ब तुकडीला थांबवून घेतलं, कारण चारही मास्तर एका वर्गात बसले तर बाकीचे वर्ग गाव डोक्यावर घेतील. गूळ-चणे देऊ म्हणून सांगितलं तेव्हा पोरं थांबली. पण गूळ-चण्याची बातमी पहिली-दुसरीला लागली, आणि घरी जायच्या ऐवजी ती ओसरीच्या कठड्याला लोंबकळत उभी राहिली.

बघणाऱ्यांसाठी नियम ठरले होते. प्रत्येकानं एकेक रांग धरायची. पोरं काय बोलतात, काय करतात, एवढंच टिपायचं. शिकवणाऱ्याकडे बघायचं नाही. आणि काही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

तोंड न उघडणारा मास्तर मी अजून पाहिलेला नाही. मी प्रश्न विचारला, एक पोरगा विचार करायला लागला, तोच मागून हेडमास्तर म्हणाले, "अरे सांग की, सोप्पं आहे!" मी डोळे वटारले. ते गप्प बसले, पण पुढच्या पोरानं चूक उत्तर दिल्यावर असं हळहळले की त्यानं घाबरून उत्तर बदललं. तरुण मास्तर आपली रांग सोडून माझ्याकडेच बघत काहीतरी लिहीत होते. आणि थोरले मास्तर मात्र पाटी-पेन्सिल घेऊन पोरींच्या रांगेशी कशीबशी मांडी घालून बसलेले, मान खाली. मधेच त्यांचा हात सवयीनं एका पोराच्या कानाकडे गेला, आणि अर्ध्यावरच परत आला. तेवढा संयम मी त्यांच्यात प्रथमच पाहिला.

मी दोन सारख्या भाकरी दाखवल्या. एकीचे तीन तुकडे केले, दुसरीचे चार. "सांगा, तिनातला एक मोठा की चारातला एक?"

"चारातला!"

"नीट बघा हं."

पोरांनी नीट बघितलं. मग माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग एकेक जण म्हणायला लागला, "तिनातला." मला वाटलं, जिंकलं! मी शेवटचा प्रश्न पाट्यांवर सोडवायला दिला: पाचातला एक मोठा की सहातला एक? पाट्या गोळा केल्या, तर निम्म्यांवर सहा. तोंडावर पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तोवर भाकरीचे तुकडेही नाहीसे झाले होते. कुणी खाल्ले ते विचारलं नाही, कारण कठड्यावरची सगळी पहिली चावत होती.

पोरं गेल्यावर आम्ही बसलो. हेडमास्तर म्हणाले, "साधन चुकलं. भाकरी नको होती." तरुण मास्तरांनी आपलं टिपण वाचलं: "बाईंचा आवाज खणखणीत आहे. फळ्यावरचं अक्षर चांगलं आहे. प्रश्न जरा घाईनं विचारतात."

माझं टाळकं फिरलं. "मला बघायला बसला होतात की पोरांना? आवाज खणखणीत! इतकी वर्षं साठ जणांवर ओरडतेय, खणखणीत नसेल तर काय मंजूळ असेल? पोरं काय म्हणाली ते सांगा!"

दोघांना माझं सगळं आठवत होतं, पोरांचं एकही वाक्य आठवत नव्हतं. मग थोरले मास्तर खाकरले. पाटीकडे न बघताच म्हणाले, "मन्ही रांगमा एक पोर शेजारनीले काय म्हने, माहीत शे? म्हने, चौथा कुटका बाबाना ऱ्हास, तो मोठाच ऱ्हास."

हेडमास्तरांनी टाक उचलला.

"आनी मागला पोऱ्या म्हने, भाकरना तीनच भाग कर्यात, ते मायले काय?"

मी आपली त्या पोराचा विचार करत बसले. मला त्याचं घर माहीत होतं. बाप, दोन पोरं आणि शेवटी जेवणारी आई. तिथे तीन भाग म्हणजे मोठा भाग नव्हे. तिथे तीन भाग म्हणजे आई उपाशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी हेडमास्तरांवरच खेकसले, की तुमच्या त्या जपानी कागदात हे कुठे लिहिलंय?

मग तरुण मास्तर चाचरत म्हणाले, "बाई, रागावू नका. पण तुम्ही भाकरी हातानं मोडलीत ना... तो चारातला एक तुकडा खरंच मोठा होता. तिनातल्या लहानापेक्षा तर नक्कीच."

होता! घरी भाकरी कोण मोजून मोडतं? कामावर जाणाऱ्याला मोठा तुकडा, लेकराला मधला, आपल्याला उरेल तो. मी तशीच मोडली होती. चार शिकलेल्या माणसांनी आठवडाभर भांडून धडा लिहिला, त्यात प्रस्तावना होती, हेतुकथन होतं, गूळ-चण्याचं वजनसुद्धा होतं. फक्त 'सारखे' हा शब्द कुणी लिहिला नव्हता. आम्हाला वाटलं, भाग म्हणजे सारखेच असतात. पोरांच्या घरी ते कधीच सारखे नव्हते. पोरं चुकली नव्हती हो. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं, आणि त्याबद्दल वर्षानुवर्षं मार खाल्ला. थोरले मास्तर आपल्या हाताकडे बघत बसले होते.

आता धडा पुन्हा लिहायचा होता. साहेब यायला आठवडाही उरला नव्हता. सारखे भाग पोरांना कसे पटवायचे? घरातलं कुठलंही वाटप घ्या, ते सारखं नाहीच. हेडमास्तर म्हणाले, आपण सांगू की सारखे समजा. मी म्हटलं, समजा म्हटल्यानं समजत असतं तर शाळा कशाला काढली असती?

उत्तर तरुण मास्तरांनी आणलं. तेव्हापासून मी त्यांच्या मिसरुडावर बोलणं सोडलं. मधल्या सुट्टीत त्यांनी पाहिलं की पोरं शाळेमागे काकडी वाटून घेताहेत. कुणाच्या तरी मळ्यातली, विचारून आणलेली नव्हे. एकजण काकडी कापायचा आणि बाकीचे आपापला तुकडा उचलायचे. कापणाऱ्यानं शेवटी घ्यायचा, असा त्यांचा कायदा. त्यामुळे कापणारा असा जपून, डोळा बारीक करून खुणा करत होता की सोनारानं बघावं.

"ह्याले म्हनतस सारखा भाग!" थोरल्या मास्तरांनी मांडीवर थाप मारली. मग 'आई गं' म्हणून गुडघा धरला.

त्यावरून नवा धडा झाला. दोन सारख्या काकड्या. तीन पोरांची एक रांग, चार पोरांची दुसरी. प्रत्येक रांगेत एकानं खुणा करायच्या, कापायचं, आणि त्यानंच शेवटी उचलायचं. मग वर्गाला विचारायचं: तुम्ही कुठल्या रांगेत बसाल, आणि का? मग पाचांची रांग, सहांची रांग, त्या नुसत्या फळ्यावर. दुसऱ्या रकान्यात या वेळी आम्ही खरोखर पोरांसारखा विचार करून लिहिलं. 'शेंडा कडू असतो, तो नको म्हणतील.' त्यावर तिसऱ्या रकान्यात: 'दोन्ही टोकं आधीच कापून ठेवणे.' हेडमास्तर स्वतः धानोऱ्याच्या बाजारात जाऊन, सुतळीनं लांबी मोजून सारख्या काकड्या घेऊन आले. विकणारी म्हणे विचारत होती, "मास्तर, लगीन जुळाडतस का काकडीसनं?"

राहिला प्रश्न थोरल्या मास्तरांचा. तिसऱ्या रकान्यात आम्ही ठिकठिकाणी लिहिलं होतं: 'मूल चुकलं तर विचारणे, का?' एवढंच. पण हा एक शब्द त्यांना जमेना. सरावासाठी आम्ही तिघं पोरं झालो. हेडमास्तर मांडी घालून बसले आणि मुद्दाम चूक उत्तर दिलं. थोरले मास्तर गरजले, "का?!"

हेडमास्तरांनी खरोखर हात पुढे केला.

"मास्तर, हळू," मी म्हटलं. "तुम्हाला ठाऊक नाही म्हणून विचारताय, असं विचारा."

"माले ठाऊक नही असं पोरेसले दिसनं, ते मन्ही काय इज्जत ऱ्हायनी?"

"तोरणमाळला इज्जत घेऊन चढाल का त्या गुडघ्यांनी?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण ते रागावले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पुटपुटत बसले: का, का बरं, का रे बाळ. 'बाळ' म्हणताना त्यांचा आवाज इतका विचित्र येत होता की आम्ही तो शब्द रद्द केला. छडी मी माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवली.

साहेब आले. तिसरी अ च्या खोलीत खुर्ची दिली, तर त्यांनी ती नेहमीसारखी मास्तरांकडे तोंड करून ठेवली. हेडमास्तर हात जोडून म्हणाले, "साहेब, कृपा करून पोरांकडे तोंड करून बसावं. पद्धतच तशी आहे." साहेबांच्या कपाळावर आठी पडली. पण खुर्ची फिरवली.

थोरल्या मास्तरांनी पोरांना रांगेत बसवलं, काकड्या दिल्या. खुणा करणाऱ्या दोघांनी जो काही वेळ लावला! वाटप झालं. मास्तरांनी विचारलं, "तुम्हाला बसायला सांगितलं तर कुठल्या रांगेत बसाल?"

पहिल्याच पोरानं सांगितलं, "चारनी रांगमा."

मी डोळे मिटले. मास्तरांचा उजवा हात छडी शोधत खुर्चीच्या मागे गेला, तिथे काहीच नव्हतं. मग अगदी बारीक आवाज आला. "का?"

"तठे मन्हा भाऊ बठेल शे."

सगळा वर्ग हसला. दुसऱ्या रकान्यात आम्ही शेंड्याचा कडूपणा लिहिला होता, पण भाऊ लिहिला नव्हता. थोरले मास्तर गोंधळले. पंचपदी गेली, तीन रकाने गेले, पुस्तकातली मराठीही गेली. ते त्या पोराजवळ खाली बसले आणि म्हणाले, "बरं, भाऊना संगे बठ. पन काकडी कोठे जास्त भेटी?"

पोरानं दोन्ही रांगांकडे बघितलं. "काकडी तीननी रांगमा."

"का?"

"खावावाळा कमी शेतस ना, मास्तर!"

मला हुंदका आला आणि हसूही. पुढचं गाडं आपोआप चाललं. पाचांची रांग की सहांची, दहांची की विसांची, पोरं उड्या मारून सांगत होती. एकानं तर सांगितलं, माझी मी एकट्याची रांग करीन.

इतक्यात साहेब उठले. "छान. आता मी विचारतो. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. हे शब्द आम्ही उद्याच्या तासासाठी ठेवले होते. आज रांगा, उद्या शब्द, असं चौघांनी ठरवलेलं. साहेबांना ते कोण सांगणार? हेडमास्तर पांढरेफटक पडले. मी थोरल्या मास्तरांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते, आडाच्या दिशेनं.

तेव्हा मागच्या रांगेतली एक पोर उभी राहिली आणि तिनं साहेबांना विचारलं, "साहेब, तृतीयांश म्हंजे कितली पोरेसनी रांग?"

"तिनांची," साहेब म्हणाले.

"आनी चतुर्थांश?"

"चारांची."

"मंग तृतीयांशच मोठा!" वर्ग ओरडला. बाहेर ओसरीच्या कठड्यावरून ऐकणारी पहिलीसुद्धा ओरडली, तिला काय कळलं देव जाणे.

साहेबांनी पोरांना खाली बसायला सांगितलं. मग थोरल्या मास्तरांना म्हणाले, "मास्तर, तीस वर्षं नोकरी झाली तुमची. हे असं आधी का नाही शिकवलंत?"

आम्ही तिघंही पुढे सरसावलो, काहीतरी सारवासारव करायला. पण थोरल्या मास्तरांनी हातानं थांबवलं. ते अहिराणीतच बोलले, थेट साहेबांशी, आयुष्यात पहिल्यांदा. "साहेब, वर्गमा मी एकलाच ऱ्हाऊ. धडा चुकना, ते माले वाटे पोरेच चुकनात."

साहेब निघाले. दारापर्यंत गेले, तिथे थांबून हेडमास्तरांना म्हणाले, "तोरणमाळला दुसरं कुणी बघू." आणि गेले.

आम्ही चौघंच्या चौघं थोरल्या मास्तरांच्या घरी निघालो. ते पुढे, लंगडत, पण इतके भराभर की तरुण मास्तरांना पळावं लागलं. दारात पाऊल टाकतो तर घर मोकळं. भांडी, हंडे, पाटा, सगळं गोधड्यांत आणि धोतरांत बांधून भिंतीशी ओळीनं ठेवलेलं. मास्तरांची म्हातारी त्यावर हात ठेवून बसली होती. पावलं ऐकून उठली. साहेब येऊन गेले हे तिला कळलं होतं, आणि काय होणार ते तिनं आपल्या मनाशी धरून ठेवलं होतं.

"ऐक वं," मास्तर म्हणाले. "आपलाले आठेच ऱ्हानं शे."

इथेच राहायचं, हे ऐकूनही ती उभीच राहिली. आनंद झाला की नाही, मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मग तिनं गाठोडं चाचपलं आणि चिडून म्हणाली, "मंग मी येवढा भांडा बांधात, त्या गाठी आते कोन सोडी?"

गाठी अशा पक्क्या की हेडमास्तरांनी एक दातानं सोडली. आम्ही जमिनीवर बसून एकेक भांडं काढत होतो, आणि ती आमच्या हातांतून ते घेऊन, भिंतीला हात लावत, आपापल्या जागी ठेवत होती.